नवस, माया आणि गारवा

कॉलेजात मला लॅटिन शिकवणारे सर सिसेरोला किकेरो म्हणत. वसईला माझ्या ओळखीचे एक वृद्ध फादर आहेत, ते त्याच गृहस्थाला चिचेरो म्हणतात. दोघांचेही उच्चार आपापल्या जागी अगदी बरोबर आहेत. सरांचा उच्चार दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमचा आणि फादरांचा चर्चमधल्या लॅटिनचा. किकेरो, चिचेरो आणि पेपरात अधूनमधून येणारा सिसेरो हा एकच माणूस आहे, हे कळायला मला पहिलं वर्ष पुरलं नव्हतं. ज्या भाषेत एका वकिलाच्या नावावर एकमत होत नाही, तिच्यात देवाशी बोलताना काय गोंधळ होत असेल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण तेव्हा परीक्षा होती.

सरांचं मत असं, की लॅटिन भाषा साधारण टॅसिटसबरोबर वारली आणि त्यानंतर तिच्यात जे काही लिहिलं गेलं, ते तिच्या दिवसपाण्यात मोडतं. त्यांच्या टेबलावरचा ऑक्सफर्डचा जाडजूड लॅटिन कोशही त्यांच्याच पक्षाचा होता. १९६८ ते १९८२ अशी चौदा वर्षं हप्त्याहप्त्याने निघालेला हा कोश इसवी सन २००च्या आसपास येऊन थांबतो आणि ख्रिस्ती लेखकांना दारातच उभं ठेवतो. पुढे मी तो जुन्या बाजारातून विकत घेतला. घरी आणताना रिक्षावाल्याने त्याचं वेगळं भाडं मागितलं नाही, हे त्याचे उपकार.

गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर फादरांचा फोन आला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला येणाऱ्या एका रविवारची, म्हणजे सामान्य काळातल्या सत्ताविसाव्या रविवारची प्रार्थना त्यांना प्रवचनात उलगडून सांगायची होती. मिस्सा मराठीतच असते, पण मूळ लॅटिनमध्ये काय आहे ते लोकांना कळावं, अशी त्यांची इच्छा. "आमचं लॅटिन सेमिनरीतलं, आता गंजलेलं," ते म्हणाले. "तुम्ही रीतसर शिकलायत. शब्दशः अर्थ तेवढा करून द्या. एकच तर वाक्य आहे."

एकच वाक्य, हे खरं होतं. रोमन मिस्सातल्या या जुन्या प्रार्थना एका दमात म्हणायच्या एका वाक्याच्याच असतात: आधी देवाला हाक, मग 'जो तू अमुक करतोस' अशी आठवण, मग मागणं, मग ते कशासाठी. तीसेक शब्दांत सगळं संपतं. मी कोश काढला, प्रत्येक शब्द नीट पाहिला, वाक्य जुळवलं आणि त्याच संध्याकाळी पाठवून दिलं.

माझ्या भाषांतरात देव माणसांची भक्ती करत होता. तीही विपुल. त्या भक्तीच्या जोरावर तो याचकांच्या कर्तबगारीला आणि त्यांच्या नवसांना मागे टाकत होता. पुढे त्याला विनंती होती की, सामायिक माहिती ज्या गोष्टींना भिते त्यांना निरोप देऊन वाटेला लाव, आणि भाषण जे आधीच घेऊन ठेवत नाही ते वर घाल.

फादरांचा दुसरा फोन आला तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "कोश कोणता वापरलात?"

मी अभिमानाने सांगितलं.

"तरीच," फादर म्हणाले. "रविवारी दुपारी जेवायला या. तुमच्या चिचेरोला घरी ठेवा."

*

सगळ्यात मोठा घोटाळा 'पिएतास' या शब्दाने केला होता. अभिजात लॅटिनमध्ये पिएतास म्हणजे आपल्यापेक्षा मोठ्यांशी असलेलं कर्तव्य निष्ठेने पाळणं: मुलाने बापाशी, नागरिकाने देशाशी, माणसाने देवांशी. वर्जिलच्या महाकाव्याचा नायक एनीअस जळत्या ट्रॉयमधून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघतो, ते पिएतासचं जगप्रसिद्ध चित्र. आपल्याकडे श्रावणबाळ कावड घेऊन निघतो, तसंच. म्हणजे या शब्दाचा बाण खालून वर जाणारा. मी म्हणून 'भक्ती' लिहिलं होतं आणि कोशाच्या हिशेबाने ते चूक नव्हतं.

प्रार्थनेत मात्र हा बाण उलटा फिरलेला आहे. तिथे 'तुझं पिएतास' म्हणजे देवाकडून माणसाकडे येणारा जिव्हाळा. हे वळण ख्रिस्ती लोकांनी एका रात्रीत घेतलं नाही. वर्जिलच्याच काव्यात म्हातारा राजा प्रायम, डोळ्यांदेखत मुलगा मारला गेल्यावर, स्वर्गात थोडं जरी पिएतास असेल तर देव याची दखल घेतील, असं म्हणतो. म्हणजे देवही आपल्या माणसांचं काही देणं लागतात, ही कल्पना तिथे होती. पुढे रोमन सम्राटांना 'आपलं पिएतास' असं संबोधायची दरबारी रीत पडली. आपण 'आपली मेहेरबानी' म्हणतो तशी. चौथ्या-पाचव्या शतकात रोममध्ये लॅटिन प्रार्थनांची ही शैली घडली, तेव्हा लिहिणाऱ्यांच्या कानात बायबल जितकं होतं तितकाच दरबारही होता. त्यामुळे देवाला उद्देशून बोलताना क्लेमेन्तिआ, मायेस्तास, पिएतास असे मानाचे शब्द अर्जासारखे ओळीने येतात. फरक इतकाच, की दरबारात हा शब्द खुशामतीचा होता आणि इथे अर्जदाराला खरोखर त्याच्यावर भरवसा आहे.

या एका शब्दाचे पुढे दोन वाटेकरी झाले. इंग्रजीतली 'पायटी' म्हणजे धर्मनिष्ठा आणि 'पिटी' म्हणजे कणव, दोन्ही पिएतासचीच लेकरं. एकीने वर जाणारा बाण घेतला, दुसरीने खाली येणारा. सख्ख्या बहिणींत वाटणी झाली, की त्या एकमेकींकडे जात नाहीत, तसं त्यांचं झालं आहे.

"मग मराठीत काय लिहायचं?" जेवण झाल्यावर मी विचारलं. 'दया' हा शब्द फादरांना नको होता, कारण त्याच वाक्यात पुढे 'मिसेरिकोर्दिआ' आहे आणि ती खरी दया. एका वाक्यात दोन दया आल्या तर ऐकणाऱ्याला वाटतं, फादर ओळ विसरले. 'करुणा' म्हटलं तर नात्याचा ओलावा जातो. पिएतासमध्ये 'हा माझा आहे, म्हणून मला याचं काही लागतं' असा घरचा भाव आहे, तो राहायला हवा होता. मला एकदम सुचलं, 'माया'! आईची माया, मोठ्या भावाची माया. वरून खाली येणारी, रक्ताची, हिशेब न ठेवणारी. लॅटिनला जो बाण फिरवायला चार शतकं लागली, तो आपल्या भाषेत आयता फिरलेला.

"तुझी माया अफाट आहे," मी ऐटीत म्हणून दाखवलं.

फादरांनी चष्मा काढून पुसला. "वेदान्त वाचलेले म्हणतील, देव म्हणजे नुसता भास आहे असं फादर सांगतायत. ते एक वेळ चालेल, तसे आमच्याकडे थोडे. पण बाकीच्यांना काय ऐकू येईल? अमक्याने साहेबांच्या हाताखाली राहून अफाट माया जमवली, तसं. आणि नेमकं त्यानंतर दानाची थैली फिरते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण हसतो, पण शब्द असेच असतात. 'प्रसाद' संस्कृतात म्हणजे प्रसन्नता, मराठीत म्हणजे शिरा आणि मास्तरांच्या हातचा म्हणजे छडी. 'राग' संस्कृतात ओढ, मराठीत चीड. 'संसार' हा शब्द तर जन्ममरणाच्या फेऱ्यावरून निघाला आणि कुकरच्या शिट्ट्यांपाशी येऊन स्थिरावला. मराठी माणसाने संस्कृत ग्रंथात 'राग सोड' वाचलं आणि घरी जाऊन फक्त ओरडणं बंद केलं, तर त्याने जे केलं, तेच मी ऑक्सफर्डचा कोश घेऊन केलं होतं. फक्त उलट्या दिशेने.

अखेर तासाभराने 'मायाळूपण' यावर दोघांची तडजोड झाली. माया जमवता येते, मायाळूपण जमवता येत नाही, हा फादरांचा युक्तिवाद. ते उगाच धर्मशास्त्र शिकलेले नाहीत.

*

दुसरा शब्द 'वोता'. एकवचन 'वोतुम', अर्थ नवस. अगदी आपला नवस, तंतोतंत. रोमन माणूस देवापुढे अट ठेवायचा, काम झालं की दगडाची छोटी वेदी उभारायचा आणि तिच्यावर चार आद्याक्षरं कोरायचा. 'नवस खुशीने आणि रास्तपणे फेडला' या अर्थाची ती चार अक्षरं कोरलेले दगड युरोपभर सापडतात. व्यवहार पुरा, पावती हातात.

प्रार्थनेतल्या वोता या शब्दातून मात्र अट गळून पडली आहे, फेड गळून पडली आहे, उरली आहे ती नुसती आस. मागणाऱ्यांची योग्यता आणि त्यांच्या मनातल्या आशा, या दोन्हींहून देवाचं देणं मोठं, असा त्या शब्दांचा रोख. इथे 'नवस' ठेवला तर अर्थ उरफाटा होतो. देव आमच्याशी सौदा करत नाही, हे सांगणाऱ्या वाक्यात सौद्याचाच शब्द बसतो.

मला तरी नवस सोडवेना. इतका जुळणारा शब्द किती भाषांना मिळतो? फादर म्हणाले, "आमच्या लोकांना नवस समजत नाही म्हणून मी नको म्हणतोय, असं नाही. फार समजतो म्हणून. मोतमाउलीच्या जत्रेला बांद्र्याला जाऊन बघा. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरं विकायला असतात. मी नवस म्हटलं की अर्ध्या बाया मनात मेणाचा भाव काढतील." तेव्हा नवस गेला आणि 'मनातल्या आशा' आल्या. भाषांतरात कधीकधी शब्द चुकीचा म्हणून नव्हे, फार बरोबर म्हणून काढावा लागतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

बाकीचे शब्द भराभर सुटले. 'ओरातिओ' म्हणजे सिसेरोच्या काळी भाषण, विशेषतः कोर्टातलं. इथे ती प्रार्थना. 'दिमित्तेरे' म्हणजे पाठवून देणं, सोडून देणं. इथे कर्ज सोडावं तसा अपराध सोडणं. 'कोन्शिएन्तिआ' म्हणजे दुसऱ्याबरोबर वाटून घेतलेली माहिती, मग आपलीच आपल्याबरोबर, म्हणजे मनाची टोचणी. 'प्रेसुमेरे' म्हणजे आधी घेणं. त्यावरून मर्यादा सोडून हात पुढे करणं, धजणं. आणि वाक्य उघडलं. मन ज्याला भितं ते आम्हांला माफ कर, आणि प्रार्थना जे मागायला धजत नाही, ते वर घाल.

'वर घाल' एवढं माझं मूळचं फादरांनी ठेवलं. लॅटिन क्रियापदाचा अर्थ भर घालणं असाच आहे. भाजीवाली मापून झाल्यावर न मागता कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकते, ते ह्या क्रियापदाचं मला ठाऊक असलेलं सर्वांत चांगलं मराठी रूप. मागितली तर ती देत नाही, हेही इथे जमून जातं.

हीच प्रार्थना १९७३च्या इंग्रजी मिस्साग्रंथात कशी होती, ते फादरांनी कपाटातून जुनं पुस्तक काढून दाखवलं. तिथे देवाचं प्रेम आशा-इच्छांहून मोठं आहे, मग आमच्या चुका माफ कर, आम्हांला शांतीत ठेव, तारणाच्या वाटेने ने, असं सरळसोट मागणं. वाचायला सोपं, म्हणायला सोपं. पण भिणारं मन गेलं आणि न धजणारी प्रार्थनाही गेली. शांती आणि तारणाची वाट मूळ वाक्यात नव्हतीच, ती भाषांतरकारांनी पदरची घातली. त्या पिढीला प्रत्येक शब्दामागे धावायचं नव्हतं, कारण १९६९च्या रोमच्या सूचनेने आशय धरायची मोकळीक दिली होती. २००१ साली नवी सूचना निघाली, शब्दाला शब्द धरा अशी, आणि २०११मध्ये नवा इंग्रजी ग्रंथ वापरात आला. त्यात टोचणीही परत आली आणि न धजणंही. पिएतासच्या जागी तिथे इंग्रजी 'काइंडनेस' आहे. वाईट नाही. पण शेजाऱ्याने इस्त्री उसनी दिली तरी आपण तोच शब्द वापरतो.

*

मला एक समाधान मात्र त्याच दुपारी मिळालं. हे शब्द ज्यांची मातृभाषा लॅटिन होती त्यांनाही फसवत असत. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन एका प्रवचनात आपल्या श्रोत्यांची अशी फजिती सांगतो. वाचन चालू होतं, मॅथ्यूच्या शुभवर्तमानातलं. येशू पित्याला उद्देशून बोलतो आणि वाक्याची सुरुवात 'कोन्फितेओर' या शब्दाने होते. वाचकाच्या तोंडून शब्द बाहेर पडायचा अवकाश, सगळ्या लोकांनी छाती बडवून घेतली. धप्प असा आवाज झाला.

कारण साधं होतं. रोजच्या लॅटिनमध्ये कोन्फितेओर म्हणजे 'मी कबूल करतो', गुन्हा कबूल करणं. चर्चमध्ये तो शब्द पापाची कबुली देतानाच कानावर पडायचा आणि हात आपोआप छातीवर जायचा. पण इथे बोलणारा येशू होता, त्याला कसली कबुली? बायबलच्या लॅटिनमध्ये या शब्दाला दुसराही अर्थ आहे, 'मी तुझी स्तुती करतो, तुझे उपकार मानतो'. तो हिब्रूतून ग्रीकमध्ये आणि ग्रीकमधून लॅटिनमध्ये आला. हिब्रूत एकाच क्रियापदात मान्य करणं आणि गुणगान करणं दोन्ही राहतात. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी मान्य करण्याचा शब्द घेतला, लॅटिनवाल्यांनी त्या ग्रीक शब्दाला आपला जुळता शब्द दिला आणि तिसऱ्या घरी पोचेपर्यंत स्तुती कबुलीच्या कपड्यांत होती. ऑगस्टिनने लोकांना शांतपणे समजावलं, की कबुली देणारा प्रत्येक जण पापीच असतो असं नाही. छाती बडवणाऱ्यांत ऑक्सफर्डचा कोश बाळगणारा एकही नव्हता, या विचाराने मला बरं वाटलं.

कुठला अर्थ घ्यायचा हे कसं ओळखायचं, याची फादरांची रीत सोपी आहे. आधी बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण ते बघायचं. मग क्रियापदापुढे काय आहे ते. पुढे 'माझी पापं' असेल तर कबुली; पुढे देव असेल आणि 'कारण तो चांगला आहे' असं काही येत असेल तर स्तुती. कोश तिसरा. आणि कोश उघडायचाच तर अल्बेर ब्लेझ या फ्रेंच विद्वानाचा १९५४चा, तो ख्रिस्ती लेखकांसाठीच केलेला आहे. फादरांच्या प्रतीचा कणा डिंकाने चिकटवलेला होता.

जाता जाता त्यांनी पोप आठव्या अर्बनची गोष्ट सांगितली. हा पोप स्वतः लॅटिन कवी. जुन्या स्तोत्रांची लॅटिन त्याला गावंढळ वाटायची. त्याने विद्वान बसवून ती होरेसच्या छंदात बसवून घेतली आणि १६३२मध्ये छापली. ९००हून अधिक दुरुस्त्या. लोकांनी त्यावर टोमणा मारला, की लॅटिन आली आणि पिएतास गेलं. म्हणजे आमचे सर एकदा पोप होऊन गेले होते तर! रोममधल्या सेंट पीटरच्या चर्चनेच नवी स्तोत्रं घेतली नाहीत, जुनीच म्हणत राहिले.

*

प्रवचन छान झालं म्हणतात. मला वाटलं, प्रकरण संपलं. पण ऑक्टोबर होता, घामाच्या धारा होत्या, आणि दोन नोव्हेंबर जवळ येत होता. दोन नोव्हेंबर म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. दफनभूमीत कबरी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. फादरांना त्या दिवशी मृतांसाठीच्या जुन्या प्रार्थनेतला एकच शब्द समजावून सांगायचा होता. रोमन मिस्साच्या मुख्य प्रार्थनेत मृतांसाठी देवाकडे तीन गोष्टींची जागा मागतात. त्यातल्या दोन सोप्या आहेत, प्रकाश आणि शांती. त्यांच्याही आधी येते ती 'रेफ्रिजेरियुम'.

"यात कोश लागतच नाही," मी म्हणालो. "तुमच्या स्वयंपाकघरात उभा आहे."

थट्टा असली तरी धातू तोच. रेफ्रिजेरारे म्हणजे थंड करणं. सिसेरोला उन्हाळ्यातला गारवा आवडायचा, पण त्याचं नाम वेगळं, 'रेफ्रिजेरातिओ'. रेफ्रिजेरियुम हे रूप ख्रिस्ती लोकांच्या तोंडी रुळलं आणि त्यात त्यांनी बरंच काही साठवलं. रोमजवळ आप्पियन रस्त्यावर सेंट सेबास्टियनच्या भुयारी कबरस्तानावर एक जेवायची जागा सापडली आहे. तिच्या भिंतीवर तिसऱ्या शतकातल्या भाविकांनी पीटर आणि पॉल यांच्या नावाने खरडून ठेवलं आहे, की आम्ही इथे 'रेफ्रिजेरियुम' केलं. म्हणजे मृतांच्या आठवणीत कबरीपाशी बसून खाल्लं-प्यायलं. जाईल तिथे भिंतीवर लिहायची सवय फक्त आपल्याच लोकांना आहे, हा माझा एक जुना समज त्यामुळे गेला.

ऑगस्टिनची आई मोनिका ही अशीच शिजवलेली लापशी, पाव आणि थोडी द्राक्षमदिरा टोपलीत घेऊन हुतात्म्यांच्या कबरींवर जायची. आफ्रिकेतली रीत. मिलानला गेल्यावर द्वारपालाने तिला अडवलं, कारण बिशप अँब्रोझने बंदी घातली होती. एक तर पिणाऱ्यांना निमित्त मिळतं, आणि दुसरं म्हणजे हे सगळं रोमन लोकांच्या फेब्रुवारीतल्या पितरांच्या सणासारखं दिसतं. मोनिकाने निमूटपणे टोपली घरी नेली. मला हे वाचताना पितृपक्षात वाडीचं पान घेऊन कावळ्याची वाट बघणारी आमची आत्या दिसली. तिला अडवायला कोणी द्वारपाल गेला असता तर बिशपपर्यंत प्रकरण गेलं असतं.

पण शब्दाचा गाभा मला सापडला तो पर्पेतुआच्या तुरुंगातल्या टिपणात. कार्थेजची ही बावीस वर्षांची बाई, अंगावर पिणारं मूल होतं, आणि इसवी सन २०३मध्ये तिला श्वापदांपुढे टाकलं. त्याआधी तिने जे लिहून ठेवलं त्यात तिच्या धाकट्या भावाचं स्वप्न आहे. दिनोक्रातेस सातव्या वर्षी गालाच्या जखमेने गेला होता. तो तिला एका काळोख्या जागेतून येताना दिसला, घामाघूम, तहानेलेला, जखम तशीच. समोर पाण्याचं कुंड, पण त्याचा काठ मुलाच्या उंचीपेक्षा उंच. तो टाचा उंचावतो आणि पोचत नाही. ती त्याच्यासाठी दिवसरात्र प्रार्थना करते. मग पुन्हा स्वप्न पडतं. कुंडाचा काठ मुलाच्या बेंबीपर्यंत खाली आलेला आहे, तो पोटभर पाणी पितो आणि मुलं खेळतात तसा खेळायला पळतो. या दुसऱ्या स्वप्नात त्याची अवस्था सांगायला तिने जे क्रियापद वापरलं, ते आपल्या शब्दाचंच भावंड. रेफ्रिजेरियुम म्हणजे ते.

आता याला मराठीत काय म्हणायचं? १९७३च्या इंग्रजीने सरळ 'सुख' म्हणून टाकलं होतं. २०११च्या इंग्रजीत 'रिफ्रेशमेंट' आहे, म्हणजे शब्द परत आला, पण त्याला आपल्याकडे चहा-बिस्किटांचा वास येतो. मला यात इंग्रजांचा दोष वाटत नाही. ज्यांच्याकडे वर्षातले आठ महिने बोटं गारठतात, त्यांना मेल्यावर आणखी गारवा मिळो म्हणणं म्हणजे शाप. हा शब्द उन्हाच्या देशातला आहे. तो कार्थेजचा आहे आणि वसईचाही आहे, जिथे मे महिन्यात वाटसरूसाठी माठ भरून ठेवण्यात पुण्य असतं आणि पोराला बघून आईचे डोळे गार होतात.

"गारवा," मी म्हणालो. "फादर, या वेळी मी ऐकणार नाही. गारव्याची जागा. याहून चांगला शब्द कोणाकडे नाही."

फादरांनाही तो आवडलेला दिसत होता. त्यांनी दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला. मग हळूच विचारलं, "आणि गार झाला म्हणजे काय हो?"

मी गप्प.

"मागच्याच आठवड्यात," ते म्हणाले, "दोन भावांचं बांधावरून भांडण झालं. धाकट्याने फावडं उचललं आणि म्हणाला, एका फटक्यात गार करीन. मिटवायला मलाच बोलावलं होतं. दोघेही दोन तारखेला बापाच्या कबरीपाशी मेणबत्ती घेऊन उभे राहणार. त्यांच्यासमोर मी हात पसरून म्हणू, की देवा, यांच्या वडिलांना गार कर?"

"गारवा दे," मी दुरुस्ती केली.

"तुम्ही व्याकरण सांगताय. ते फावडं बघतील."

मी 'विसावा' सुचवला. फादर म्हणाले, चांगला आहे, पण त्यात पाणी नाही. 'थंडावा' म्हटलं तर थंड पडणं आलं. 'शीतलता' म्हटलं तर तेलाची जाहिरात. साडेचार वाजले, स्वयंपाकघरातून गारेगार लिंबू-सरबत आलं. आम्ही दोघंही ते काही न बोलता प्यायलो, आणि मग फादरांनी रिकामा ग्लास कपाळाला लावून डोळे मिटून घेतले.

दोन नोव्हेंबरला मी गेलो होतो. संध्याकाळी पाचला ऊन कलतं होतं, तरी कबरींचे दगड तापलेले होते. ते दोघे भाऊ मला ओळखता आले नाहीत, पण एका कबरीपाशी दोन माणसं एकमेकांशी न बोलता उभी होती. त्यांतला एक बादलीतून तांब्या भरून देत होता आणि दुसरा दगडावर ओतत होता. फादर माईकपाशी आले. त्यांनी पर्पेतुआच्या भावाची गोष्ट सांगितली, कुंडाचा काठ हाताने दाखवला, आधी वर, मग खाली. प्रार्थनेच्या वेळी त्या शब्दापाशी आल्यावर ते किंचित थांबले. मी कान टवकारले. पण नेमकी तेव्हाच माईकने शिट्टी मारली, आणि पुढे 'प्रकाशाची आणि शांतीची' एवढंच ऐकू आलं.

नंतर विचारलं तर म्हणाले, "ज्याला ऐकू जायचं होतं त्याला गेलं."